लहान-मोठ्याचे चिन्ह फिरवायचे राहिले का? असमानतेचा ताळा कसा पाहावा

5 − 3x < 17 ही असमानता सोडवायची आहे. दोन्ही बाजूंतून 5 वजा केले की −3x < 12 उरते. आता दोन्ही बाजूंना −3 ने भागायचे. इथे बरीच मुले x < −4 असे लिहितात, उत्तराला चौकट करतात आणि पुढच्या गणिताला लागतात. बरोबर उत्तर मात्र x > −4 आहे. ऋण संख्येने गुणले किंवा भागले की लहान-मोठ्याचे चिन्ह उलटते, हा नियम या मुलांना ठाऊक नसतो असे नाही. विचारले तर ती तो घडाघडा म्हणून दाखवतात. पण गणिताच्या ओघात, नेमक्या त्या ओळीवर, तो आठवत नाही. अशा वेळी नियम आणखी दहा वेळा पाठ करून घेण्यापेक्षा, राहून गेलेली चूक स्वतःच पकडता येईल असा ताळा शिकवणे मला जास्त उपयोगाचे वाटते.

अडचण अशी की, समीकरणांच्या धड्यात शिकलेला ताळा इथे फसवतो. समीकरण सोडवल्यावर आलेली किंमत मूळ समीकरणात ठेवायची आणि दोन्ही बाजू सारख्या येतात का ते पाहायचे, ही सवय सातवी-आठवीपासून लागलेली असते. तीच सवय इथे वापरली तर काय होते ते बघा. उत्तरात −4 आले आहे, म्हणून x = −4 ठेवले: 5 − 3 × (−4) = 5 + 12 = 17. उजवीकडेही 17 आहेत. जमले! आणि तरीही उत्तर चुकलेलेच आहे.

असे होते, कारण −4 ही उत्तराची फक्त सीमा आहे. x < −4 म्हणा किंवा x > −4 म्हणा, सीमा दोन्हींची एकच. सीमा ठेवून पाहिली की ती योग्य जागी पडली आहे का एवढेच कळते. उत्तर तिच्या डावीकडे आहे की उजवीकडे, हे त्यातून कळत नाही. आणि चिन्ह फिरवायचे राहिले की बिघडते ती बाजूच. सीमेला धक्काही लागत नाही.

म्हणून सीमेपासून बाजूला असलेली एक संख्या घ्यायची. बहुतेक वेळा शून्य सर्वांत सोयीचे, कारण x असलेले पदच नाहीसे होते. मूळ असमानतेत x = 0 ठेवा: 5 − 0 < 17, म्हणजे 5 < 17. हे खरे आहे. म्हणजे 0 ही संख्या उत्तरात असायलाच हवी. आता लिहिलेले उत्तर पाहा. x < −4 मध्ये 0 बसतो का? नाही बसत. म्हणजे उत्तर चुकले. x > −4 मध्ये 0 बसतो. सगळे तोंडी होते, दोन ओळीही लिहाव्या लागत नाहीत.

इथे एक बारकावा आहे. चाचणीची संख्या आपल्या उत्तरातलीच असली पाहिजे असे नाही. ती उत्तराबाहेरची असेल तर मूळ विधान खोटे ठरले पाहिजे, एवढाच फरक. −10 घेतले तर 5 + 30 = 35, आणि 35 < 17 हे खोटे आहे. म्हणून −10 उत्तरात असता कामा नये. x < −4 मध्ये तो आहे, म्हणजे पुन्हा तीच चूक उघडी पडली. सीमा स्वतःच 0 असेल, उदाहरणार्थ −2x < 0 मध्ये, तर मात्र शून्य वापरता येत नाही. तिथे 1 घ्यावा: −2 < 0 हे खरे, म्हणून 1 उत्तरात हवा, म्हणून x > 0.

चाचणीची संख्या नेहमी मूळ, छापील असमानतेत ठेवायची. आपण लिहिलेल्या मधल्या ओळीत ठेवली तर त्या ओळीच्या आधी झालेली चूक सुटून जाते.

पण उत्तर चुकले एवढे कळून भागत नाही, कुठल्या ओळीवर चुकले तेही कळायला हवे. त्यासाठी तीच संख्या वरून खाली प्रत्येक ओळीत ठेवत जायचे आणि शेजारी खरे की खोटे ते लिहायचे. x = 0 घेऊन चुकलेले गणित असे दिसते:

5 − 3x < 17 … 5 < 17 … खरे
−3x < 12 … 0 < 12 … खरे
x < −4 … 0 < −4 … खोटे

दुसऱ्या ओळीपर्यंत खरे होते, तिसऱ्या ओळीवर खोटे झाले. बिघाड या दोन ओळींच्या मध्येच झाला आहे. इथे घेतलेल्या पायऱ्यांपैकी योग्य पायरी कुठल्याही संख्येसाठी खऱ्याचे खोटे करत नाही किंवा खोट्याचे खरे करत नाही. दोन्ही बाजूंत सारखेच मिळवले किंवा वजा केले, दोन्ही बाजूंना धन संख्येने गुणले किंवा भागले, ऋण संख्येने भागून चिन्ह फिरवले, तरी शेजारचा शब्द बदलत नाही. तो जिथे बदलतो, तिथे बोट ठेवायचे. पाच-सहा ओळींच्या गणितात तर हे फारच उपयोगी पडते, कारण एरवी विद्यार्थी सगळे गणित खोडून पहिल्यापासून सुरू करतो आणि त्याच ओळीवर तीच चूक पुन्हा करतो.

आता हे चिन्ह मुळात उलटते का, तेही पाहून घेऊ, कारण ते कळले की ही चूक टाळण्याची एक वाटही सापडते. 2 < 5 हे घ्या. दोन्ही बाजूंतून 7 वजा करा. वजाबाकीने चिन्ह बदलत नाही, म्हणून −5 < −2. म्हणजेच −2 > −5. आपण कशानेही गुणले नाही, तरी 2 आणि 5 यांच्या विरुद्ध संख्यांचा क्रम उलटा लागलेला दिसतो. हे 7 म्हणजे 2 + 5. कुठल्याही दोन संख्यांसाठी हेच चालते: a < b असेल तर दोन्ही बाजूंतून a + b वजा करा, डावीकडे −b उरतो, उजवीकडे −a, आणि −b < −a मिळते. −1 ने गुणल्यावर चिन्ह उलटायचे हा नियम एवढ्यातूनच येतो. −3 ने गुणणे म्हणजे आधी 3 ने गुणणे आणि मग −1 ने. 3 ने काही बिघडत नाही, उलटापालट होते ती −1 मुळे. भागाकाराचेही तेच, कारण −3 ने भागणे म्हणजे −1/3 ने गुणणे.

यातून दुसरा ताळा मिळतो, तो म्हणजे ऋण संख्येने भागण्याची वेळच येऊ न देता गणित पुन्हा सोडवणे. 5 − 3x < 17 मध्ये दोन्ही बाजूंत 3x मिळवा: 5 < 17 + 3x. आता 17 वजा करा: −12 < 3x. 3 ने भागा: −4 < x. चिन्ह कुठेही फिरवावे लागले नाही. −4 < x आणि x > −4 ही एकच गोष्ट आहे, हे मात्र नीट वाचता आले पाहिजे. −4 < x वर नजर टाकून घाईत x < −4 असे उतरवणारे विद्यार्थी असतात आणि मग सगळी मेहनत वाया जाते. x उजवीकडे आला असेल तर ते विधान उजवीकडून डावीकडे मोठ्याने वाचावे: "x मोठा आहे −4 पेक्षा."

शून्य ठेवून पाहण्याचा ताळा मला फार आवडतो, पण त्याला एकट्याला सोडू नये. कारण बघा. −3x < 12 इथपर्यंत आलेला एखादा विद्यार्थी 12 ला नुसते 3 ने भागतो आणि x < 4 असे लिहितो. इथे एकाच ओळीत दोन चुका आहेत: वजा चिन्ह हरवले आणि लहान-मोठ्याचे चिन्हही फिरले नाही. आता शून्याचा ताळा पाहा. मूळ विधान 5 < 17 खरे, आणि 0 < 4 हेही खरे. शून्य म्हणतो सगळे ठीक आहे! ओळीमागून ओळ तपासली तरी तिन्ही ओळींवर 'खरे' हाच शब्द येतो. खरे उत्तर −4 च्या उजवीकडचे सगळे आकडे, लिहिलेले उत्तर 4 च्या डावीकडचे सगळे आकडे. शून्य नेमका दोन्हींत बसतो, म्हणून ही चूक त्याला दिसत नाही.

सीमा ठेवली की मात्र ती लगेच दिसते. x = 4 ठेवले तर 5 − 12 = −7. उजवीकडे 17 आहेत. दोन्ही बाजू सारख्या यायला हव्या होत्या, आल्या नाहीत, म्हणजे सीमाच चुकली आहे. थोडक्यात, सुरुवातीला ज्याने फसवले तो समीकरणाचा ताळा निरुपयोगी नाही, अपुरा आहे. त्याला बाजूची संख्या जोडली की काम पूर्ण होते.

ते खरोखरच पूर्ण होते, आणि हे समजून घेण्यासारखे आहे. x वाढत गेला की 5 − 3x ची किंमत सतत कमी होत जाते, मध्येच कुठे वर येत नाही. त्यामुळे ती 17 च्या बरोबर फक्त एकाच ठिकाणी होते, आणि त्या ठिकाणाच्या एका बाजूला असमानता सगळीकडे खरी असते, दुसऱ्या बाजूला सगळीकडे खोटी. म्हणून सीमा बरोबर ठरली आणि बाजूच्या एका संख्येने योग्य उत्तर दिले, की त्या बाजूच्या बाकी सगळ्या संख्या तपासण्याची गरजच उरत नाही. x चा घात एकच असलेल्या आणि x छेदात नसलेल्या कुठल्याही असमानतेला हे लागू आहे. मूळ चिन्ह ≤ किंवा ≥ असेल तर सीमाही उत्तरात घ्यायची, नाहीतर सोडायची. चिन्ह फिरले तरी त्याखालची बरोबरीची रेघ तशीच राहते: ≤ चे ≥ होते, नुसते > होत नाही.

नियम नको तिथे लावला जातो तेव्हाही हाच ताळा उपयोगी पडतो. 3x < −12 मध्ये भागायचे आहे धन 3 ने. पण ओळीत कुठेतरी वजा दिसला की काहींचा हात आपोआप चिन्ह फिरवतो आणि x > −4 लिहिले जाते. x = 0 ठेवा: 0 < −12 खोटे, 0 > −4 खरे. शब्द बदलला, म्हणजे पायरी चुकली. बरोबर उत्तर x < −4. आपण ज्याने गुणतो किंवा भागतो ती संख्या धन आहे की ऋण, एवढेच पाहायचे. ज्यांना गुणतो त्यांच्या चिन्हाशी काही देणेघेणे नाही.

दोन टोके असलेल्या असमानतेत, समजा −7 ≤ 3 − 2x < 9 मध्ये, दोन्ही चिन्हे एकदमच फिरतात. तिन्ही ठिकाणी 3 वजा करून −10 ≤ −2x < 6, मग −2 ने भागून 5 ≥ x > −3, म्हणजे −3 < x ≤ 5. चिन्हे फिरवायची राहिली तर 5 ≤ x < −3 असे येते, आणि अशी संख्या असूच शकत नाही: जी 5 पेक्षा लहान नाही ती −3 पेक्षा लहान कशी असेल? इथे चूक स्वतःच ओरडून सांगते. तरीही ती न ऐकता पुढे जाणारे असतात, म्हणून शून्य ठेवून पाहावेच: −7 ≤ 3 < 9 खरे आहे, म्हणजे उत्तर रिकामे असणे शक्यच नाही.

खरी कसोटी लागते ती ऋण संख्या डोळ्यांना दिसतच नाही तिथे. त्याच्या दोन जागा सांगतो.

पहिली जागा म्हणजे छेदातला x. (x + 1)/(x − 2) > 3 ही असमानता घ्या. समीकरणाच्या सवयीने दोन्ही बाजूंना x − 2 ने गुणले जाते: x + 1 > 3x − 6. मग 7 > 2x, आणि x < 3.5. कुठेही ऋण संख्येने गुणल्यासारखे वाटत नाही. पण x − 2 ही संख्या धन आहे की ऋण, हे आपल्याला माहीतच नाही, ते x वर अवलंबून आहे. ओळीमागून ओळ शून्य ठेवून पाहू:

(x + 1)/(x − 2) > 3 … −0.5 > 3 … खोटे
x + 1 > 3x − 6 … 1 > −6 … खरे

शब्द पहिल्याच पायरीला बदलला, कारण x = 0 असताना x − 2 = −2 आहे आणि आपण नकळत −2 ने गुणले. आता x = 3 घेऊन पाहा: 4/1 = 4, आणि 4 > 3 खरे. दुसऱ्या ओळीत 4 > 3, तेही खरे. तिथे काही बिघडले नाही, कारण x − 2 तेव्हा 1 आहे. म्हणजे ही पायरी काही संख्यांसाठी बरोबर आणि काहींसाठी चूक आहे. एखाद्याने ताळ्यासाठी नेमका 3 घेतला असता तर त्याला आपले उत्तर बरोबरच वाटले असते.

म्हणून छेदात x असेल तर एका संख्येवर भागत नाही. आधी संख्यारेषेवर तुटण्याच्या जागा शोधायच्या: छेद शून्य होतो ती जागा, इथे 2, आणि दोन्ही बाजू सारख्या होतात ती जागा, इथे 3.5. या दोन जागांनी संख्यारेषेचे तीन तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यातली एक संख्या मूळ असमानतेत ठेवायची. 0 ठेवला तर −0.5 > 3, खोटे. 3 ठेवला तर 4 > 3, खरे. 4 ठेवला तर 5/2 = 2.5 > 3, खोटे. म्हणजे उत्तर फक्त मधला तुकडा: 2 < x < 3.5. घाईच्या उत्तरात 2 च्या डावीकडच्या सगळ्या संख्या आणि खुद्द 2 फुकटच घुसल्या होत्या. 2 ठेवला तर छेदच शून्य होतो, तिथे असमानतेला काही अर्थच उरत नाही.

गणित लिहिताना हा खड्डा टाळायचा तर गुणूच नये. 3 डावीकडे आणून एकच अपूर्णांक करावा: (7 − 2x)/(x − 2) > 0. अंश आणि छेद दोन्ही धन किंवा दोन्ही ऋण असतील तेव्हाच हा अपूर्णांक धन असतो. दोन्ही धन म्हणजे 2 < x < 3.5. दोन्ही ऋण व्हायचे तर x एकाच वेळी 3.5 पेक्षा मोठा आणि 2 पेक्षा लहान हवा, ते शक्य नाही. तीन संख्या ठेवून आले होते तेच उत्तर पुन्हा मिळाले.

दुसरी जागा म्हणजे लॉग. अकरावी-बारावीत आणि हिशेबाच्या कामात ही चूक हमखास होते. 8,00,000 रुपयांच्या यंत्राची किंमत दरवर्षी आदल्या वर्षाच्या किमतीवर 15 टक्के घसारा धरून कमी केली जाते. किती वर्षांनी ती निम्म्याच्या खाली जाईल? n वर्षांनी मूळ किमतीचा 0.85ⁿ एवढा भाग उरतो, म्हणून 0.85ⁿ < 0.5 ही असमानता सोडवायची. दोन्ही बाजूंचा 10 या पायाचा लॉग घेतला की n × log 0.85 < log 0.5. पाया 1 पेक्षा मोठा असल्याने लॉग घेताना चिन्ह बदलत नाही, ही पायरी बरोबर आहे. मग दोन्ही बाजूंना log 0.85 ने भागले जाते आणि कॅल्क्युलेटर 4.265 दाखवतो. लिहिले जाते n < 4.265.

कागदावर वजा कुठेच नाही. पण 1 पेक्षा लहान धन संख्येचा लॉग ऋण असतो: log 0.85 म्हणजे सुमारे −0.0706, आणि log 0.5 म्हणजे सुमारे −0.3010. आपण −0.0706 ने भागले. कॅल्क्युलेटरवर दोन्ही वजा एकमेकांना खाऊन टाकतात आणि समोर येते फक्त धन 4.265, त्यामुळे शंका येण्याचे काही कारणच उरत नाही. n = 1 ठेवून ओळी तपासा:

0.85ⁿ < 0.5 … 0.85 < 0.5 … खोटे
n × log 0.85 < log 0.5 … −0.0706 < −0.3010 … खोटे
n < 4.265 … 1 < 4.265 … खरे

शब्द शेवटच्या पायरीला बदलला, म्हणजे चिन्ह तिथेच फिरायला हवे होते: n > 4.265. वर्षे पूर्ण मोजायची असल्याने n निदान 5. सीमेच्या दोन्ही बाजूंची वर्षे रुपयांत मांडली की ताळा पुरा होतो: 4 वर्षांनी यंत्राची किंमत 4,17,605 रुपये, निम्म्याच्या अजून वर, 5 वर्षांनी सुमारे 3,54,964 रुपये, निम्म्याच्या खाली.